सकाळी गारठा, दुपारी ऊन: सायकलवरच्या मुलीचे कपडे

निफाड तालुक्यातली थंडी साऱ्या महाराष्ट्राला बातम्यांतून ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचा पारा ८-९ अंशांवर येतो, काही दिवस त्याच्याही खाली जातो. पण त्याच दिवशी दुपारी एक वाजता २७-२८ अंश असतात आणि उन्हात उभं राहवत नाही. आमची शाळा सकाळी साडेसातला भरते आणि साडेबाराला सुटते. म्हणजे सायकलवरून येणारी मुलगी हिवाळ्यात निघते आणि उन्हाळ्यात घरी पोचते. अंगावरचे कपडे मात्र तेच.

गेल्या हिवाळ्यात नववीतल्या एका मुलीची आई मला भेटायला आली. मुलगी आठ किलोमीटरवरून सायकलने येते. आई म्हणाली, "मॅडम, आता सायकल बंद. तिचे अब्बू म्हणतात, रिक्षा लावू, नाहीतर दोन महिने घरीच बसू दे." कारण विचारलं तर दोन गोष्टी कळल्या. पोरीचा खोकला तीन आठवडे हटत नव्हता. आणि आदल्या दिवशी दुपारी घरी जाताना कमरेला बांधलेल्या स्वेटरची बाही मागच्या चाकात गेली, सायकल जागच्या जागी अडली आणि ती पडली. गुडघा सोलला होता, एवढ्यावर निभावलं. रिक्षाचे पैसे घरात नव्हते हे मला माहीत होतं. म्हणजे घरी बसणं हाच खरा पर्याय होता.

खोकल्यासाठी डॉक्टरांना दाखवा असं मी सांगितलं, तो माझा विषय नव्हे. पण ती शाळेत कशी पोचते हे मी रोज बघत होते. स्वेटरच्या आत तिचा कुर्ता पाठीवर चिकटलेला असायचा. मी स्वतः सतरा वर्षं सायकलने शाळेत येते, त्यामुळे चूक कुठे होत होती ते लगेच ओळखता आलं. ती चूक बहुतेक घरांत होते, आणि ती मायेपोटी होते.

जाड स्वेटरची अडचण

पहाटे दारात उभी असलेली आई मुलीला तिथल्या थंडीच्या हिशेबाने कपडे घालते. दारात उभं राहून थंडी वाजू नये म्हणून जेवढं लागतं, तेवढं सगळं अंगावर चढतं. पण मुलगी दारात उभी राहणार नसते, ती पायडल मारणार असते. पायडल मारताना शरीर जी शक्ती खर्च करतं, तिचा साधारण चौथा हिस्सा सायकल पुढे नेण्यात जातो. बाकीची सगळी उष्णता होऊन अंगातच राहते. म्हणून दहा-बारा मिनिटांत अंग तापतं आणि घाम सुटतो.

हा घाम सुती कुर्ता पिऊन घेतो. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू वाळतं. वाळताना ते अंगाची उष्णता ओढून घेतं. सायकल चालू आहे तोवर हे जाणवत नाही, कारण आतून उष्णता येतच असते. मुलगी वर्गात येऊन खिडकीशी बसली की दहा मिनिटांत ती उष्णता थांबते, पण ओला कुर्ता पाठीवर तसाच असतो. मग ती कुडकुडते. आई म्हणते, उद्या आणखी जाड स्वेटर घाल. उद्या आणखी घाम येतो.

दुसरी अडचण अशी की जाड स्वेटर एकतर पूर्ण अंगावर असतो नाहीतर पूर्ण बाहेर. अधलंमधलं काही नाही. डोक्यावरून काढायचा स्वेटर असेल तर मुलीला रस्त्यात तो काढताच येत नाही. स्कार्फ सुटतो, कुर्ता वर येतो. त्यापेक्षा ती घामाने भिजणं पत्करते. आपल्या मुलींच्या बाबतीत म्हणूनच पहिला नियम असा की जे रस्त्यात काढायचं आहे ते सगळ्यात वर हवं, समोरून उघडणारं हवं, आणि ते काढताना स्कार्फला किंवा कुर्त्याला हात लागायला नको. अबाया घालणाऱ्या मुलींनी हे जास्त लक्षात ठेवावं. अबायाखाली घातलेला स्वेटर शाळेत पोचेपर्यंत निघत नाही. म्हणून आत फक्त कुर्ता, आणि थंडीचं जे काही असेल ते अबायाच्या वर.

एका स्वेटरचे तीन तुकडे

एका जाड कपड्याऐवजी तीन पातळ कपडे, हा यावरचा उपाय. त्यासाठी बाजारात जायची गरज फारशी नाही. त्या मुलीचा सातवीतला स्वेटर घरात होता, तिला आखूड झालेला. तो आम्ही कामाला घेतला.

स्वेटरच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून वेगळ्या केल्या. विणलेलं कापड कापलं की उसवत जातं, त्यामुळे आधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मशीनची शिलाई मारून घ्यायची आणि मग दोन शिलायांच्या मधून कात्री चालवायची. टेलरकडे ओव्हरलॉक मशीन असेल तर कडा त्यावर पक्क्या करून घ्याव्यात. मग स्वेटर समोरून, बरोबर मधोमध, गळ्यापासून खालपर्यंत याच पद्धतीने कापला. दोन्ही कडांना सुती पट्टी लावली आणि चेन बसवून घेतली. झाली बंडी.

आपले आजोबा-पणजोबा थंडीत बिनबाह्यांची बंडी घालून शेतात जात, त्यामागे अनुभव होता. छाती आणि पोट गरम राहिलं की शरीर हातापायांकडे रक्त नीट पाठवतं. आणि काखा मोकळ्या असल्या की कामाचा घाम बाहेर पडतो. सायकलवर नेमकं हेच हवं असतं.

कापलेल्या बाह्या फेकायच्या नाहीत. त्यांच्या वरच्या टोकाला पातळ इलॅस्टिक ओवलं की हातात चढवायच्या सुट्या बाह्या तयार होतात. इलॅस्टिक दंडाच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी घ्यावं, जास्त नाही. अर्ध्या तासाने बाही काढल्यावर दंडावर खोल वळ दिसला तर ते घट्ट झालं आहे असं समजावं. या बाह्या कुर्त्याच्या बाहीवरून चढवायच्या. सायकल बाजूला उभी करून, काहीही न उघडता, त्या मनगटाकडून ओढून काढता येतात. दोन्ही मिळून गुंडाळी एका मुठीएवढी होते.

तिसरा कपडा वारा अडवण्यासाठी. लोकरीचा किंवा ॲक्रिलिकचा स्वेटर ऊब धरतो, पण वारा त्याच्या विणीतून सरळ आत येतो. आणि सायकलवर वारा नेहमीच असतो. झाडाचं पान हलत नसलं तरी ताशी १५ किलोमीटरने चालणाऱ्या सायकलला ताशी १५ किलोमीटरचा वारा समोरून लागतोच. हवा १० अंश असेल तर उघड्या चेहऱ्याला ती ८ अंशांसारखी लागते, आणि उतारावर वेग २५ झाला तर ७ अंशांसारखी. म्हणून सगळ्यात वर पातळ विंडचीटर हवा, ज्याला आपण पॅराशूटचं कापड म्हणतो त्याचा, समोर पूर्ण चेन असलेला. तो जाड असण्याची गरज नाही. उलट घडी करून ओंजळीत मावेल इतका पातळ असावा. पहाटे अंधार असतो, तेव्हा रंग पिवळा, पोपटी किंवा पांढरा असला तर मागच्या गाडीवाल्याला मुलगी लांबून दिसते.

दुकानात कापड पारखायची एक सोपी रीत आहे. कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारावी. हवा सहज पलीकडे गेली तर वारा अडणार नाही. अजिबात गेली नाही तर वारा अडेल, पण घामाची वाफही आतच राहील. असा विंडचीटर चालतो, मात्र तो थोडाच वेळ बंद ठेवायचा असतो. पावसाळी रेनकोट याच कारणाने थंडीत घालू नये. आतून तो पंधरा मिनिटांत भिजतो.

विंडचीटर नसेल तर वर्तमानपत्र आहेच. सायकल शर्यतीतले मोठमोठे स्वार डोंगरावरून उतरण्याआधी छातीवर वर्तमानपत्र घालत आले आहेत. दोन-तीन पानांची घडी करून बंडी आणि कुर्ता यांच्यामध्ये छातीपासून पोटापर्यंत सरकवायची आणि चेन लावायची. शाळेत पोचल्यावर ती काढून टाकता येते. वारा समोरूनच लागतो, त्यामुळे पाठीवर कागद घालू नये. पाठीकडून घाम बाहेर पडू द्यावा.

आठ किलोमीटरचा हिशेब

कपडे तयार झाले, पण कोणता कधी काढायचा हे ठरलं नाही तर तिन्ही अंगावरच राहतात. म्हणून त्या मुलीच्या रस्त्याचा आम्ही कागदावर हिशेब मांडला.

ती सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी निघते. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातनंतर उगवतो, आणि दिवसातली सगळ्यात कडक थंडी सूर्योदयाच्या आसपासच असते. म्हणजे ती घरातून निघते तेव्हापेक्षा अर्ध्या वाटेत गारठा जास्त असतो. त्यातच चौथ्या किलोमीटरला ओढ्यावरचा पूल आहे. थंड हवा जड असते, ती रात्रभर खोलगट जागी उतरून साठते. दोन्ही बाजूंना पाणी दिलेले द्राक्षांचे मळे. त्या पुलावर अंगाला जणू बर्फ लागतो.

घरातून निघताना कुर्ता, सुट्या बाह्या, बंडी आणि वर विंडचीटर. सगळं घालूनही पहिली पाच-सात मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. हे आईला पटायला सगळ्यात अवघड गेलं. पण दारातच उबदार वाटलं तर पुढे घाम ठरलेला. दात वाजू नयेत, पण हवा बोचरी लागावी, एवढंच बेताने.

साधारण दोन किलोमीटरवर अंगात ऊब येते. तेव्हा विंडचीटरची चेन अर्धी उघडायची, थांबायची गरज नाही. पुलाच्या उताराआधी ती पुन्हा गळ्यापर्यंत बंद करायची. उतारावर पाय थांबतात, म्हणजे आतली भट्टी थांबते, आणि वारा मात्र वाढतो. पुलानंतर चढ आहे. चढ सुरू होण्याआधीच चेन पूर्ण उघडायची. इथे मुली चुकतात. घाम आल्यावर उघडतात. तोवर कुर्ता ओला झालेला असतो. चढाआधी उघडा आणि उताराआधी बंद करा, एवढं ध्यानात ठेवलं तर निम्मं काम होतं.

आपण जास्त गरम झालो का, हे चेहऱ्यावरून कळत नाही. चेहरा गारच असतो. त्यासाठी स्कार्फखाली मानेच्या मागे एक बोट घालून बघावं. कोरडं आणि कोमट लागलं तर बरोबर. ओलसर लागलं तर एक गोष्ट कमी करावी.

शाळा एक किलोमीटरवर आली की थांबायचं, विंडचीटर काढून ठेवायचा आणि शेवटचा टप्पा हळू चालवायचा. जो थोडा घाम असेल तो या सात-आठ मिनिटांत वाळतो. बंडी मात्र काढायची नाही. वर्गात बसल्यावर शरीर लवकर गार पडतं, तेव्हा तीच कामाची. दप्तरात एक कोरडा स्कार्फ ठेवावा. डोक्याला आणि मानेला घाम जास्त येतो, आणि पूर्ण कपडे बदलण्यापेक्षा मुलींच्या खोलीत स्कार्फ बदलणं सोपं असतं.

दुपारी बंडी आणि बाह्या दप्तरात जातात, अंगावर राहतो फक्त कुर्ता. सकाळी ज्या सुती कापडाने त्रास दिला, तेच दुपारी उपयोगी पडतं. घाम पिऊन हळूहळू वाळणारा सैल, पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता उन्हात अंग गार ठेवतो आणि हात भाजू देत नाही. सकाळी तो कोरडा ठेवायचा आणि दुपारी त्याला भिजू द्यायचं, एवढाच फरक.

हात, कान आणि ओढणी

थंडीत शरीर सगळ्यात आधी बोटांचं रक्त कमी करतं. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो, म्हणून हातमोजे ही चैनीची वस्तू समजू नये. पण लोकरीचे मोजे प्लास्टिकच्या मुठीवर घसरतात. हार्डवेअरच्या दुकानात कामगारांसाठी तळव्यावर रबरी ठिपके असलेले होजिअरीचे हातमोजे मिळतात, ते स्वस्त असतात आणि पकड चांगली देतात. घालून दोन्ही ब्रेक दाबून बघावे. बोट लिव्हरपर्यंत सहज पोचलं नाही तर मोठे आहेत.

सायकलवर लांब ओढणी नको. दोन-सव्वादोन मीटरची ओढणी कितीही नीट घेतली तरी वाऱ्याने एक टोक सुटतंच, आणि ते चाकात गेलं तर गळ्याला फास बसतो. होजिअरीचा शिवलेला स्कार्फ, किंवा दोन्ही टोकं बंडीच्या आत घालून चेन लावलेला चौकोनी स्कार्फ, हे बिनधोक. कानांवर एकच पदर असावा. दोन-तीन पदर गुंडाळले की मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज येत नाही. चष्मा असेल तर नाकावरून स्कार्फ घेताना तो चष्म्याच्या कडेखाली घट्ट बसवावा, नाहीतर श्वासाने काचा धुरकटतात.

शलवारची उजवी मोरी चेनमध्ये अडकते, कारण चेन उजव्या बाजूला असते. तिला रुंद रबरबँड किंवा कापडी पट्टी बांधावी. कुर्ता गुडघ्याएवढा आणि दोन्ही बाजूंनी कापलेला असला की पाय मोकळा हलतो. अबाया असेल तर सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्यावी, आणि घेर सीटवर बसण्याआधी खाली गोळा करून घ्यावा.

काढलेलं ठेवायचं कुठे

ती मुलगी थंडीमुळे पडली नव्हती. काढलेल्या स्वेटरला जागा नव्हती म्हणून ती पडली. स्वेटर कमरेला बांधला की बाह्या मागच्या चाकाच्या तारांजवळ लोंबतात. हँडलला पिशवी लटकवली की ती पुढच्या चाकात जाते, आणि पुढचं चाक अचानक अडलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. कॅरिअरच्या स्प्रिंगखाली नुसता कपडा दाबला तर खड्ड्यात तो निसटतो. या तीन जागा बंद समजाव्यात.

दप्तरात वरच्या बाजूला एका कापडी पिशवीची जागा राखून ठेवावी. विंडचीटरच्या बाह्या आत घेऊन त्याची उभी तीन पदरी घडी करावी आणि खालून टोपीकडे गुंडाळत यावं, म्हणजे हवा निघून जाते. शेवटी तो टोपीतच भरावा. बाह्या एकीत एक घालाव्यात. बंडी सपाट घडी करून पाठीच्या बाजूला ठेवावी. ओला झालेला स्कार्फ या पिशवीत ठेवू नये, नाहीतर उद्या सकाळी सगळंच दमट निघतं. त्यासाठी एक वेगळी पिशवी असावी. सायकलला पुढे बास्केट असेल तर पिशवी त्यात चालते, पण तिचे बंद आत खोचून आणि वरून झाकण लावून.

घरी हे काढायचा-ठेवायचा एकदा सराव करून घ्यावा. आम्ही शाळेच्या मैदानावर केला. विंडचीटर काढून, गुंडाळून, दप्तर पुन्हा पाठीवर घ्यायला पहिल्या वेळी तिला चार मिनिटं लागली. चौथ्या वेळी एक मिनिट. चार मिनिटं लागत असतील तर उशीर होईल या भीतीने मुलगी थांबतच नाही, आणि मग सगळं शिकवलेलं वाया जातं.

या उपायांना मर्यादा आहेत. पारा ५ अंशांच्या खाली गेला किंवा दाट धुकं असलं तर कपड्यांनी भागत नाही. त्या दिवशी उशिरा निघावं किंवा कोणाच्या गाडीवर यावं, आम्ही शिक्षक अशा दिवशी उशिराचा शेरा मारत नाही. दम्याचा त्रास असलेल्या मुलीला थंड हवेत पायडल मारताना धाप लागू शकते. तिने डॉक्टरांना विचारूनच सायकल घ्यावी.

त्या मुलीच्या अब्बूंनी "एक आठवडा बघतो" म्हणून मुदत दिली होती. आठवड्याने तिची आई पुन्हा आली, तेव्हा हातात धाकटीचा जुना स्वेटर होता. म्हणाली, "मॅडम, चेन किती लांबीची घ्यायची?" गळ्याच्या काठापासून खालच्या काठापर्यंत मोजा, असं मी सांगितलं, आणि शेवटपर्यंत सुटी होणारी चेन मागा. जर्किनला असते तशी. नाहीतर बंडी पुन्हा डोक्यावरूनच काढावी लागेल.